जावळाची घोंगडी, मुक्काम पोस्ट चाकण

कंपनीचं नाव मी सांगणार न्हाई. घेतलं की तोंड कडू होतं, अन् वरून अशा लोकायची फुकटची जाहिरात मी कामून करू? कुरिअर कंपनी म्हणा, बस. लाल गाड्या, पिवळ्या टोप्या, अन् 'तुमचं पार्सल आमच्या घरचं' असं मोठ्या अक्षरात लिवलेलं. घरचंच समजले, म्हणूनच ठेवून घेतलं असंल.

मी बेबीनंदा. परतूर तालुक्यातल्या आष्टीत बसस्टँडसमोर माझं दुकान हाय. झेरॉक्स, सातबारा, पीकविमा, पोरायचे दाखले, जे काय ऑनलाइन असंल ते. लोक म्हणतात, बेबीताईची जीभ तिच्या प्रिंटरपेक्षा जास्त चालती. चालती तर चालती. प्रिंटर निदान मधी अडकतो तरी.

पण हे गाऱ्हाणं माझं न्हाई, साखराबाईचं हाय. धुळाजी धनगराची बायको. आता धुळाजीची विधवा म्हणायचं, पण तिला तसं म्हणायला माझी जीभ वळत न्हाई. साठीच्या पुढची, काळी, काटक, एका गुडघ्यानं अधू. दातायला मिश्री, डोक्यावर पदर, अन् आवाज असा की बाजारात एका टोकाला बोलली तर दुसऱ्या टोकाला बकरं मान वर करतं. लोकर इकायला बसली की पाच रुपयासाठी व्यापाऱ्याच्या सात पिढ्या काढायची. "माप बराबर धर रे भाड्या, का दांडीवर आंगठा ठिवायचा पगार घेतो?" असं तोंडावर म्हणायची. भाव तिच्या जिभेवर असायचा. लोकरीचा, मेंढीचा, लेंडीखताचा, शेतात मेंढ्या बसवायचा. बाईला लिवता येत न्हाई, सही तेवढी येती, पण हिशोबात तिला गंडवणारा अजून जन्माला यायचाय.

पण एका गोष्टीचा भाव ती कधीच करत नसे. लेकीबाळीला दिलेल्या वस्तूचा. त्यांच्या घराण्याची ती रीतच. माहेरचं देणं असंल तर त्याची किंमत तोंडातून काढायची न्हाई, ना देताना, ना दिल्यावर. किंमत सांगितली की ते देणं न्हाई राहत, इकणं होतं, असं तिची सासू सांगायची. एकदा शेजारणीनं इचारलं, मीनाला लग्नात जोडवे केवढ्याचे घातले गं? तर ही फणकाऱ्यानं म्हणली, "तुला घ्यायचे हायेत का? मंग कामून इचारती?"

मीना म्हणजे तिची एकुलती लेक. चाकणला दिली हाय. जावई सुमित तिकडं कंपनीत कामाला. मीनाला दिवस गेले अन् इकडं धुळाजीला कावीळ झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे, पण सातव्या महिन्यात मीना आली ती बापाच्या मातीला. घरात ना माणूस राह्यला, ना मेंढरं. दवाखान्याच्या खर्चापायी सगळी इकावी लागली. मंग बाळंतपण सासरीच झालं. मीनाची सासू कांताबाई काय वाईट बाई न्हाई, मी भेटलेली हाय तिला. पण दवाखाना, रात्रीची जागरणं, डिंकाचे लाडू, सगळं तिच्या अंगावर पडलं. मंग बाई बोलणारच. "पोरगी तुमची, पण सगळा खर्चा आमचा," असं फोनवर हासत हासत बोलायची. असलं हासणं लई लागतं.

साखराबाई गुमान ऐकून घ्यायची, कारण तिच्यापाशी उत्तर होतं. पेटीत ठेवलेलं. धुळाजीनं मरायच्या आधी शेवटची घोंगडी इनली होती. जावळाची. म्हणजे कोकरायची पहिली कातरण असती ना, तिची. मऊ असती, बाळाच्या अंगाला टोचत न्हाई. सूत साखराबाईनं कातलं, अन् धुळाजी पिवळ्या डोळ्यायनं खड्ड्यातल्या मागावर बसला. मधी मधी धाप लागली की आडवा व्हायचा अन् परत बसायचा. चिंचोक्याची खळ लावून, वाळवून, झटकून घोंगडी तयार केली, अन् म्हणला, "नातू व्हवो का नात व्हवो, बारशाला ही जायला पाहिजे." ती त्याची शेवटची शहाणपणाची गोष्ट. नंतर नुसता बडबडायचा.

बारसं ठरलं. साखराबाईला पुण्याच्या गाडीत बसवत न्हाई, गुडघा धरतो. मंग तिनं घोंगडी कुरिअर करायचं ठरवलं. आमच्या गल्लीतच ओमप्रकाशचं मोबाइलचं दुकान हाय, तिथंच कंपनीचं काउंटर. मी तवा दुकानात नव्हते, परतूरला बँकेत गेल्ते. असते तर एवढं महाभारत झालं नसतं. मागाहून ओमभाऊनं अन् साखराबाईनं, मी तिला मावशी म्हणते, दोघायनीबी सांगितलं, म्हणून मला हे माहीत.

ओमभाऊनं पार्सल तोललं, पत्ता लिवला, सुमितचा मोबाइल नंबर लिवला. मंग इचारलं, "मावशे, मालाची किंमत केवढी टाकू?"

"माल न्हाई रे तो. माझ्या नातवाची घोंगडी हाय."

"हाव, पण रकाना हाय ना इथं. किंमत टाकावीच लागती."

"देण्याची किंमत नसती. तुझ्या बहिणीला साडी दिली तर भाव सांगत बसतो का तू?"

झालं. ओमभाऊ काय करील? जास्त किंमत टाकली तर कंपनी बिल मागती, वरून जोखमीचा आकार लावती. बिल कुठून आणणार? मेलेल्या नवऱ्याचं बिल कोण देतं? काउंटरवर सगळेच करतात तेच त्यानं केलं. घोषित किंमत शंभर रुपये, माल मालकाच्या जोखमीवर, वर्णन 'एक ब्लँकेट'. भाडं एकशे ऐंशी घेतलं. मावशीनं पावतीवर सही केली, पदराच्या गाठीत पावती बांधली, अन् येता येता माझं दुकान बंद पाहून मलाच चार शिव्या घालून घरी गेली.

बारशाच्या आदल्या दिवशी मीनाचा फोन, आये, घोंगडी आली न्हाई. बारशाच्या दिवशीबी आली न्हाई. सगळ्या बायकायसमोर कांताबाई म्हणली म्हणे, "बाळाच्या आजीनं आशीर्वाद पाठवलाय, वजनाला हलका असतो, कुरिअर लागत न्हाई." आता सांगा.

साखराबाई लंगडत ओमभाऊकडं गेली. त्यानं नंबर टाकला अन् मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. "हे बघ मावशे. आष्टी, जालना, संभाजीनगर, पुण्याचं हब, अन् हे चाकण. डिलिव्हर्ड. घेणाऱ्याचं नाव मीना. सही झाली. पोचलं तुझं पार्सल!"

पोचलं! म्हाताऱ्या बाईनं काय समजावं? कंपनीच्या मोबाइलमधी लिवलंय, सही झालीय, मंग घोंगडी गेली कुठं? ती तिथंच काउंटरवर उभी राहून कांताबाईला फोन लावून मोकळी झाली. अन् आवाज तर मी सांगितलाच. "इहिनबाई, पोचलेली वस्तू न्हाई म्हणता? माझ्या मेलेल्या मालकाच्या हातची हाय ती. तुमाला पाहिजे असंल तर घ्या, पण लेकराच्या अंगावर एकदा तरी टाका!"

बस. ती आग लागली ती लागली. कांताबाईनं चोर म्हणवून घ्यायचं का? तिनं घरात शपथ घेतली, बाळाच्या डोक्यावर हात ठेवून. सुमितनं सासूचा नंबर बंद करून टाकला. मीनाला सांगितलं, तुझ्या आयनं आधी लेखी पुरावा द्यावा की घोंगडी खरंच पाठवली होती, मंग बोलायचं. मीनानं शेजारणीच्या फोनवरून एवढं सांगितलं अन् रडत ठेवून दिलं.

तवा साखराबाई माझ्याकडं आली. पदराची गाठ सोडून पावती टेबलावर ठेवली.

"बेबे, मला कंपनीकून लेखी पाहिजे. की बाईनं घोंगडी दिल्ती अन् आमी हरवली. दुसरं काय बी नको."

मी पावती पाह्यली अन् माझं टकुरंच फिरलं. "मावशी, हे शंभर कोणी लिवलं?"

"काय शंभर?"

"किंमत. घोंगडीची किंमत शंभर रुपये लिवलीय इथं!"

तिनं हात झटकला. "त्यानं लिवली असंल. मी न्हाई सांगितली. कंपनीचं कंपनीपाशी राहू दे. मला पैसे घ्यायचे न्हाईत."

मी ओमभाऊकडं जाऊन भांडले. त्याला म्हणलं, मेल्या, शंभरात हातरुमालाचा जोड येतो का रे? तो कानकोंडा झाला. "ताई, सगळ्यायचं शंभरच टाकतो. आतापर्यंत कधी हरवलंच न्हाई." बिचारा. त्यालाबी कंपनी कमिशन देती ते चहापाण्यापुरतं.

मंग मी लागले कामाला. आधी कंपनीला ईमेल. डॉकेट नंबर म्हणजे पावतीवरचा पार्सलचा नंबर, बुकिंगची तारीख, वजन, भाडं, ट्रॅकिंगच्या पानाची प्रिंट, पावतीची दोन्ही बाजूची झेरॉक्स. पार्सल मिळालेलं न्हाई, डिलिव्हरीचा पुरावा दाखवा. उत्तर आलं, 'आपली तक्रार महत्त्वाची आहे.' मंग आठवडा गेला. परत ईमेल, परत महत्त्वाची हाय. टोल फ्रीवर फोन केला की गाणं लागायचं, मंग एक पोरगी मधाळ आवाजात म्हणायची, "मॅडम, शिपमेंट डिलिव्हर्ड दिसतंय." मी म्हणलं, "बाळा, तुला दिसतंय, आमाला दिसंना. तेच तर भांडण हाय."

शेवटी पुरावा आला. बोटानं मोबाइलवर ओढलेली एक आडवी रेघ. अन् खाली इंग्रजीत मीना. माझ्या मीनाला मी पाचवीपासून ओळखते, झेरॉक्स काढायला यायची. ती सही करती तर पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, मराठीत, अन् खाली दोन टिंबं. ही रेघ तर डिलिव्हरीवाल्यानं गाडी चालवता चालवता ओढली असावी.

मंग ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली. ती तक्रार कंपनीकडं जाती अन् कंपनीला उत्तर द्यावं लागतं. तिथं घोषित किंमत इचारली, ती पावतीप्रमाणं शंभर टाकली. लपवून काय फायदा, कागद त्यायच्यापाशीबी हाय. खाली रकाना होता, काय भरपाई पाहिजे. मी म्हणलं, "मावशी, घोंगडीचे पाच हजार लिवते. जावळाची हाय, पुण्यात त्याहून जास्तीला जाती."

"न्हाई."

"मावशी, हे देणं न्हाई, दावा हाय."

"न्हाई म्हणलं ना बेबे. धुळाजीच्या घोंगडीचा भाव मी करू? लोक हासतील मला."

"कोण लोक? इथं तू अन् मी अन् प्रिंटर."

"मीच हासंल मला."

हट्टी! बाजारात लेंडीखताच्या गाडीवर दीड तास घासाघीस करणारी बाई, अन् इथं मुकी. मी चिडले, चहा मागवला, तिनं तो पिला, पण ऐकलं न्हाई. मंग मी लिवलं, भाड्याचे एकशे ऐंशी परत द्या, मनस्तापाचे दहा हजार द्या, अन् सगळ्यात आधी लेखी द्या की पार्सल तुमच्याकडून गहाळ झालं, चाकणला पोचलंच न्हाई. घोंगडीच्या खऱ्या किमतीचा रकाना मोकळा सोडला. मोकळा! असा दावा मी जन्मात भरला न्हाई.

मावशी रोज यायची. येऊन स्टुलावर बसायची अन् इचारायची, "काय म्हणतेत?" काय बी म्हणत न्हाईत म्हणलं की तिथंच बसून राहायची. गिऱ्हाईकायला उगंच सल्ले द्यायची. एका पोराला म्हणली, फोटोत हासू नको, सरकारला हासणारी माणसं चालत न्हाईत. पण बस आली, अन् एखादी लेक लेकरू काखेत घेऊन माहेराला उतरली, की तिची बोलती बंद व्हायची. मी मुद्दाम दुसरं काहीतरी बोलायची. काय बोलणार? नातू तिनं अजून पाह्यला नव्हता. फोटोबी न्हाई. सुमितनं तेबी बंद केलं होतं.

मंग एका दुपारी पत्र आलं. ईमेलमधी, कंपनीच्या छापील कागदावर, शिक्क्यासकट. मी भराभर वाचलं अन् मावशीला आणायला पोरगं न पाठवता स्वतः उठून गेले, चप्पलबी उलटीसुलटी घातली. ती आली, बसली. मी मराठीत वाचून दाखवलं. सदर पार्सल पुण्याच्या हबमधी शेवटचं स्कॅन झालं. डिलिव्हरीची नोंद चुकीनं झाली. पार्सल वाहतुकीत गहाळ झाल्याचं कंपनी मान्य करती. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

साखराबाईनं दोन्ही हात कपाळाला लावले. "मान्य करती, असं लिवलंय?"

"हाव. मान्य करती."

"मंग कांताबाईनं घेतली न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी लई वाईट बोलले गं तिला. पाय धरते तिचे. तू आता हे चाकणला धाड."

पण पत्र तिथं संपत नव्हतं. पुढचं मी वाचलं नव्हतं, म्हणजे मोठ्यानं वाचलं नव्हतं. 'एक ब्लँकेट, घोषित किंमत रुपये शंभर फक्त. मालाचं बिल जोडलेलं न्हाई. पावतीमागच्या अटीप्रमाणं कंपनीची जबाबदारी घोषित किंमत किंवा शंभर, यातली जी रक्कम कमी असंल तेवढीच. सबब रुपये शंभर अंतिम भरपाई देण्यात येईल.' मनस्तापाचा तर शब्दच न्हाई. मी मनात म्हणत होते, एवढा तुकडा झाकून फोटो काढावा अन् वरचाच पाठवावा. बोटं मोबाइलवरच होती माझी.

पण सगळ्यात खाली बारीक अक्षरात लिवलेलं होतं, प्रत माहितीसाठी, माल घेणाऱ्यास. पावतीवर सुमितचा नंबर होता ना. कंपनीनं आधीच धाडलं होतं. महिनाभर ढिम्म बसलेली कंपनी, तेवढ्या एका कामात मात्र जल्दी!

तेवढ्यात माझाच फोन वाजला. मीना. मी स्पीकर लावला, मावशीला ऐकू कमी येतं म्हणून. मावशीचं तोंड उजळलं. "मीने! आलं का गं पत्र? वाचलं का सगळ्यायनी? मी म्हणलं नव्हतं, मी धाडली होती?"

 मंग मीनाचा आवाज, दबका. "आये, शंभर?"

"काय शंभर?"

"शंभर रुपये किंमत सांगितली तू? सगळे वाचून राह्यले इथं. सुमितनं सासूबाईला दाखवलं, जावेला दाखवलं. बाच्या घोंगडीचे शंभर सांगायला जीभ कशी रेटली तुझी?"

मागून कांताबाईचा आवाज आला. ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. "राहू दे मीना. शंभराच्या घोंगडीपायी त्यांनी मला चोर म्हणलं, एवढं कळलं. आता झालं."

साखराबाईनं तोंड उघडलं. सांगायचं होतं तिला, की मी न्हाई सांगितली, देण्याची किंमत सांगत नसतात, मी तर तेच म्हणले ओमप्रकाशला. पण तिच्या तोंडून एवढंच आलं, "मीने, मी किंमत सांगितलीच न्हाई गं."

"तेच की आये. सांगायची होती," मीना म्हणली, अन् फोन कट झाला. परत लावला तर बंद.

माझा संताप इतका झाला की मी टेबलावर हात आपटला, शाईची बाटली कलंडली. "मावशी, सोडायचं न्हाई. हे शंभर घ्यायचे न्हाईत. जालन्याला ग्राहक आयोग हाय, तिथं केस टाकू. पाच लाखाच्या आतल्या कामाला फी लागत न्हाई. वकील न्हाई लागत. मी टाकते, आत्ता!" पोर्टल उघडलं. नाव भरलं, गाव भरलं, कंपनीचं नाव भरलं, डॉकेट नंबर भरला. मंग मालाच्या किमतीच्या रकान्यापाशी मी थांबले अन् तिच्याकडं पाह्यलं.

 तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला अन् अशा बारीक आवाजात बोलली की तिचा आवाज एवढा बारीक होतो हे मला त्या दिवशी कळलं.

"त्याच्या हातचे चार हजार लिव्ह. अंगात ताप घेऊन बसल्ता तो मागावर. माझं सूत धरू नको. ते मी दिलंय."

मी लिवलं. चार हजार. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

"बेबे, हा कागद चाकणला जाईल ना? जसा कंपनीचा गेला तसा?"

"न्हाई मावशी. हा आयोगाला जातो. मंग कंपनीला नोटीस जाती."

"कांताबाईला न्हाई?"

"तिचा काय संबंध? पण मी सुमितला फोटो पाठवते ना याचा, आत्ता पाठवते."

"तुझ्या दुकानातला कागद कोण मानतंय? त्यायनी कंपनीचा मानला." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "मंग खोड ते."

"मावशी, अगं पण केस..."

"खोड म्हणलं ना! त्याच्या हाताचा भाव काढून बसले मी तोंडातून, अन् चाकणला कोणाला ऐकू बी जायचा न्हाई."

मी चार हजार खोडले. ती दुकानाच्या पायऱ्या उतरून घराकडं गेली.